बिल्डरचं कर्ज, जमिनीवरचं गहाण आणि तुमच्या फ्लॅटची एनओसी: बडोद्यात बुकिंग करण्याआधी काय तपासावं

बडोद्यात भायली, वासणा, गोत्री, सेवासी, कलाली अशा भागांत आज उभ्या राहणाऱ्या बहुतेक मोठ्या स्कीम कर्ज काढून बांधल्या जातात. बिल्डर जमीन आणि तिच्यावर उभं राहणारं बांधकाम एखाद्या बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे गहाण ठेवतो आणि त्यावर प्रोजेक्ट लोन घेतो. यात बेकायदा काहीच नाही. जमीन गहाण आहे एवढ्यावरून स्कीम वाईट ठरत नाही, उलट बँकेनं कागदपत्रं एकदा तपासलेली असतात. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. जी वस्तू आधीच दुसऱ्याकडे गहाण आहे तिचा एक तुकडा तुम्ही विकत घेत असता. त्या तुकड्यावरचा हक्क सोडायला गहाण घेणारा तयार आहे का, हे त्यानं स्वतः लेखी सांगितल्याशिवाय बिल्डरच्या सहीचा अर्थ अपुरा राहतो. ती लेखी संमती म्हणजे एनओसी, ना-हरकत पत्र.

हा लेख पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी आहे. यात फक्त एकच प्रकार घेतला आहे: स्कीमची जमीन तुमच्या बुकिंगच्या आधीपासून गहाण आहे, आणि तुम्ही बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेत आहात.

आधीचं गहाण आणि नंतरचं गहाण

रेरा कायदा २०१६ मधलं कलम ११(४)(एच) खरेदीदारांना बराच धीर देतं. बिल्डरनं तुमच्याशी विक्रीचा करार केल्यानंतर तो त्याच फ्लॅटवर नवीन कर्ज काढू शकत नाही. काढलंच, तर त्यामुळे तुमच्या हक्काला बाधा येत नाही. सेल्स ऑफिसमध्ये हे कलम फार आवडीनं ऐकवलं जातं: "रेरा आहे ना, तुम्हाला काय काळजी?"

पण कलम नीट वाचलं की दिसतं, ते करारानंतरच्या गहाणाबद्दल बोलतं. करारापूर्वीचं गहाण त्यात येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा साधा नियम असा की ज्याचा हक्क आधी निर्माण झाला तो पुढे, नंतरचा त्याच्या मागे. बँकेनं २०२३ मध्ये जमीन गहाण घेतली आणि तुम्ही २०२५ मध्ये बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, केलं, तर तुमच्या हातात येतो तो बँकेच्या हक्काखाली दबलेला फ्लॅट. बिल्डरचे हप्ते थकले तर बँक थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर कलम १३(४) खाली मालमत्तेचा ताबा घेते. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुमच्या स्कीमचं नाव तिथे पहिल्यांदा वाचायला मिळणं ही बातमी कळण्याची सगळ्यात वाईट जागा आहे.

त्यानंतर वाटा बंद होतात असं नाही. राजस्थान उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं की रेरा आणि सरफेसी यांच्यात विरोध आला तर रेरा वरचढ, आणि बिल्डरची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या बँकेविरुद्धही घर घेणारा रेरा प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावरची बँकेची याचिका फेटाळली. पण ही झाली भांडून मिळवायची दाद. वकील, तारखा आणि त्या काळातलं भाडं हे सगळं खरेदीदाराच्याच खिशातून जातं. एनओसी हातात असेल, तर बँकेनं स्वतःच तुमच्या फ्लॅटच्या विक्रीला मान्यता दिलेली असते आणि मुळातला वाद बराचसा उरत नाही.

पायरी पहिली: गहाण आहे का, आणि कोणाकडे

बिल्डरला थेट विचारा. विचारायला संकोच नको. रिझर्व्ह बँकेनं २००९ सालीच बँकांना सांगून ठेवलं आहे की गृहप्रकल्पाला कर्ज देताना बिल्डरवर अट घाला: मालमत्ता कोणत्या बँकेकडे गहाण आहे हे माहितीपत्रकात आणि जाहिरातीत छापायचं, आणि विक्रीसाठी लागेल तेव्हा त्या बँकेची एनओसी देऊ असंही लिहायचं. म्हणून ब्रोशर हातात आलं की शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं आधी वाचा. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

त्यानंतर gujrera.gujarat.gov.in वर स्कीमचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पान उघडा. बडोद्याच्या स्कीमचा क्रमांक PR/GJ/VADODARA असा सुरू होतो. नोंदणी करताना बिल्डरला शपथपत्रावर सांगावं लागतं की जमीन बोजामुक्त आहे, आणि नसेल तर बोजा कोणाचा व कसला. तिथे जोडलेलं हे शपथपत्र आणि वकिलाचं टायटल सर्टिफिकेट दोन्ही डाउनलोड करून ठेवा. त्यावरची तारीख मात्र बघा. ही कागदपत्रं नोंदणीच्या दिवसापर्यंतची असतात. नोंदणीनंतर सहा महिन्यांनी कर्ज काढलं असेल, तर जुन्या शपथपत्रात 'बोजा नाही' असंच दिसेल, आणि ते त्या दिवशी खरंही असेल.

सरकारी नोंदींत शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवली नाही तर माणूस चुकीच्या समाधानात राहतो. बिल्डर बहुधा जमिनीचे मूळ दस्तावेज बँकेत ठेवून गहाण करतो, ज्याला इक्विटेबल मॉर्गेज म्हणतात. कायद्यानं अशा गहाणाला प्रत्येक वेळी नोंदणीकृत दस्त लागत नाही. म्हणून garvi.gujarat.gov.in वरून काढलेल्या इंडेक्स-२ मध्ये किंवा anyror.gujarat.gov.in वरच्या सात-बारा व प्रॉपर्टी कार्डावर बोजा दिसला नाही, याचा अर्थ गहाण नाही असा होत नाही. दिसला तर मात्र तो नक्की आहे, म्हणून हे दोन्ही कागद काढायचेच.

इक्विटेबल मॉर्गेज पकडण्याची खरी जागा सरसाई. बँका आणि फायनान्स कंपन्यांना अचल मालमत्तेवरच्या गहाणाची नोंद या केंद्रीय नोंदवहीत करावी लागते, आणि मामुली शुल्क भरून कोणीही cersai.org.in वर शोध घेऊ शकतो. शोध दोन प्रकारे घ्या: एकदा मालमत्तेवरून (जिल्हा, गाव, सर्वे किंवा ब्लॉक नंबर, टीपी आणि फायनल प्लॉट नंबर) आणि एकदा कर्जदाराच्या नावावरून. एकाच शोधावर थांबू नका. बडोद्यात टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, पडलेल्या भागात एकाच जमिनीला जुना सर्वे नंबर आणि नवा फायनल प्लॉट नंबर असे दोन पत्ते असतात. बँकेच्या माणसानं त्यातला कोणता भरला असेल, सांगता येत नाही. गावाचं स्पेलिंगही वेगवेगळं सापडतं, तेव्हा एका स्पेलिंगनं काही मिळालं नाही तर दुसऱ्यानं बघा.

बिल्डर कंपनी असेल तर mca.gov.in वर तिच्या नावासमोर कर्जांची यादी दिसते, कारण कंपनीला गहाणाची नोंद कंपनी निबंधकाकडे करावीच लागते. पण आपल्याकडचे कितीतरी बिल्डर प्रत्येक स्कीमसाठी वेगळी भागीदारी पेढी काढतात, आणि पेढीची अशी यादी तिथे नसते. तेव्हा स्कीमचा प्रमोटर नेमका कोण आहे, हे रेराच्या पानावरून आधी ठरवा आणि मगच कुठे शोधायचं ते ठरवा. बोर्डावरचं 'ग्रुप'चं नाव इथे कामाचं नाही.

पायरी दुसरी: बुकिंग आधी की एनओसी आधी

या टप्प्यावर बहुतेकजण अडकतात. तुम्ही एनओसी मागता, बिल्डर म्हणतो, "बँक फ्लॅटनुसार एनओसी देते. तुमचं नाव आणि फ्लॅट नंबर ठरल्याशिवाय मी मागू कशी? आधी बुकिंग करा." त्याचं म्हणणं खोटं नाही. बँका सहसा खरेदीदाराचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि किंमत घालूनच एनओसी देतात.

यातून मार्ग असा की एकाच कागदाऐवजी दोन कागद दोन वेळांना मागायचे.

पहिला, पैसे देण्याआधी. बिल्डरकडून कर्जमंजुरी पत्रातली एनओसीबद्दलची पानं बघायला मागा. सगळं मंजुरी पत्र तो देणार नाही, व्याजदर वगैरे त्याची खाजगी बाब आहे आणि ती मागायचं कारणही नाही. तुम्हाला बघायच्या आहेत तीन अटी: फ्लॅट विकायला बँकेची एनओसी लागते का, कोणत्या किमतीखाली विकला तर बँक एनओसी देणार नाही, आणि खरेदीदारांचे पैसे कोणत्या खात्यात भरायचे. बिल्डर ही पानं दाखवायला तयार नसेल, तर बँकेनं स्कीमसाठी दिलेलं सर्वसाधारण पत्र मागा, ज्यात या अटी असतात. तेही नसेल तर थांबा. ज्या बिल्डरचे बँकेशी व्यवहार सुरळीत आहेत त्याला हे पत्र आणायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरा कागद म्हणजे तुमच्या फ्लॅटची एनओसी. ती मागवण्यासाठी नाव नोंदवावं लागेल, तर लहान टोकन चेकनं द्या आणि त्यासोबत एक पानाचं पत्र द्या. त्यावर बिल्डरची सही-शिक्का घ्या. मजकूर असा असू शकतो:

> "आपल्या स्कीममधील बी टॉवर, फ्लॅट क्रमांक ४०२ साठी रु. ५१,००० टोकन चेक क्रमांक … दिनांक … ने देत आहे. जमीन … बँकेकडे गहाण असल्याचं आपण सांगितलं आहे. या फ्लॅटच्या विक्रीस त्या बँकेचं माझ्या नावाचं ना-हरकत पत्र २१ दिवसांत मिळालं नाही, किंवा मिळालेल्या पत्रातील अटी आपण सांगितलेल्या अटींपेक्षा वेगळ्या निघाल्या, तर टोकनची पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत करावी. ना-हरकत पत्र मिळेपर्यंत कोणताही पुढील हप्ता देय राहणार नाही."

बडोद्यात हे पत्र गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहिलं तर बिल्डरच्या ऑफिसात लगेच सही होते. महत्त्व मजकुराला आहे. छापील बुकिंग फॉर्मवर सही करण्याआधी त्यातली एक ओळ शोधा: 'खरेदीदारास मालमत्तेवरील विद्यमान बोजाची माहिती असून त्यास त्याची संमती आहे' अशा अर्थाची. ती तशीच राहिली, तर उद्या बिल्डर म्हणेल की तुम्ही बोजासकट घ्यायला तयार होतात. तिच्यापुढे हातानं लिहा, 'बँकेचे फ्लॅटनिहाय ना-हरकत पत्र मिळण्याच्या अधीन', आणि दोघांच्या सह्या घ्या.

मोठी रक्कम एनओसीनंतरच. रेराच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊच शकत नाही. ही कमाल मर्यादा आहे. एनओसीशिवाय दहा टक्के देऊन टाकावेत असा तिचा अर्थ नाही, तरी सेल्सवाले तो तसा सांगतात.

पायरी तिसरी: एनओसी वाचायची कशी

एनओसी मिळाली म्हणजे काम झालं असं समजून ती फाईलला लावणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पत्र दोन परिच्छेदांचं असतं, पण त्यातला प्रत्येक शब्द पैशाचा असतो. एक काल्पनिक उदाहरण आकड्यांनिशी बघू.

भायलीत दोन टॉवर, ६४ फ्लॅट. बिल्डर भागीदारी पेढी. एका बँकेकडे जमीन गहाण, कर्ज १४ कोटी. तुमचा फ्लॅट बी-४०२, ठरलेली किंमत ५२ लाख. एनओसीत लिहिलं आहे: 'बी-४०२, श्री. व सौ. … यांना रु. ५२,००,००० ला विकण्यास बँकेची हरकत नाही, मात्र संपूर्ण रक्कम खाते क्रमांक … मध्ये जमा होणे आवश्यक. रक्कम पूर्ण जमा झाल्यावर बँक या फ्लॅटवरील आपला बोजा सोडेल. हे पत्र ६० दिवस वैध.'

आता दलाल सुचवतो, विक्रीचा दस्तावेज ४६ लाखांचा करू, ६ लाख रोख द्या, स्टॅम्प ड्यूटी वाचेल. रोखीचा व्यवहार मुळातच बेकायदा आहे, पण एनओसीपुरता त्याचा परिणाम बघा. बँकेच्या खात्यात येणार ४६ लाख. बँकेच्या हिशोबात तुमच्या फ्लॅटचे ६ लाख अजून यायचे आहेत. 'रक्कम पूर्ण जमा झाल्यावर' ही अट पुरी झालीच नाही, म्हणून बोजा सुटत नाही. तुम्ही सगळे पैसे दिलेत हे सिद्ध करायला तुमच्याकडे कागदही नाही. बिल्डरनं आधीच ४६ लाखांवर एनओसी मागितली असती, तर कदाचित बँकेच्या किमान किमतीत ती बसलीच नसती आणि नकार आला असता. म्हणून एनओसीतली किंमत, बानाखतातली किंमत आणि प्रत्यक्ष देणार असलेली किंमत, हे तिन्ही आकडे एकच हवेत. पार्किंग किंवा मेंटेनन्स डिपॉझिटचे वेगळे आकडे असतील, तर ते एनओसीत धरले आहेत का ते विचारून लिहून घ्या.

दुसरी नजर खाते क्रमांकावर. एनओसीतला क्रमांक, बिल्डरच्या डिमांड लेटरवरचा क्रमांक आणि रेरा नोंदणीत दिलेलं स्कीमचं खातं समोरासमोर ठेवा. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम रेराच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक आहे. कर्ज असलेल्या स्कीममध्ये बहुधा आधी एका कलेक्शन खात्यात पैसे येतात आणि तिथून पुढे वाटले जातात, त्यामुळे एनओसीतलं खातं आणि रेराचं खातं वेगळं असू शकतं. ते चालेल. चालणार नाही ते हे, की डिमांड लेटरवर बिल्डरच्या दुसऱ्याच बँकेतलं चालू खातं छापलेलं आहे. तिथे भरलेला रुपया बँकेच्या दृष्टीनं आलाच नाही. असे हप्ते तुम्ही नियमित भरत राहता, पावत्या मिळत राहतात, आणि शेवटी बँक सांगते की या फ्लॅटचे आमच्याकडे शून्य जमा आहेत. म्हणून प्रत्येक डिमांड लेटर आलं की क्रमांक पुन्हा ताडून बघा. ऑफिसात नवा माणूस आला की जुना नमुना वापरला जातो, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असायलाच हवा असं नाही.

तिसरी गोष्ट मुदत. ६० दिवसांत नोंदणीकृत बानाखत झालं नाही, तर पत्राचा उपयोग संपतो. मुलांच्या परीक्षा, दिवाळी, होम लोनची मंजुरी यात दोन महिने सहज जातात. तारीख टळत असेल तर मुदत संपायच्या आधी वाढवून घ्या. संपल्यावर नवं पत्र मागावं लागतं, आणि दरम्यान बिल्डरचे हप्ते थकलेले असतील तर बँक देईलच असं नाही.

आता सही कोणाची आहे ते. पत्र कर्ज देणाऱ्याच्या लेटरहेडवर, अधिकृत सही करणाऱ्याच्या नाव-पदासह आणि शाखेच्या शिक्क्यानिशी हवं. बिल्डरच्या लेटरहेडवर 'आम्ही बँकेची एनओसी घेतली आहे' असं लिहिलेला कागद म्हणजे एनओसी नव्हे. दोन-तीन बँकांनी मिळून कर्ज दिलं असेल तर त्या सगळ्यांची संमती, किंवा सगळ्यांच्या वतीनं तारण सांभाळणाऱ्या ट्रस्टीची. कर्ज थकून ते एखाद्या अॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला विकलं गेलं असेल, तर एनओसी त्या कंपनीची लागते. जुन्या बँकेची सही असलेलं पत्र अशा वेळी निकामी आहे, कारण जो हक्क तिच्याकडे उरलाच नाही तो ती सोडणार कशी?

खोटी पत्रंही फिरतात, म्हणून पडताळणी स्वतः करा. पत्रावर छापलेल्या फोन नंबरवर विचारू नका. बँकेच्या वेबसाइटवरून शाखेचा अधिकृत ईमेल शोधा, पत्राची प्रत जोडा आणि विचारा: हे पत्र आपण दिलं आहे का, या फ्लॅटसाठी दुसऱ्या कोणाला एनओसी दिली आहे का, आणि कर्जखातं आज नियमित आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बँक गोपनीयता सांगून टाळेल, तो तिचा हक्क आहे. पहिल्याचं मात्र सहसा मिळतं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर शाखेत जा. अलकापुरी असो की मांडवी, ब्रँच मॅनेजरसमोर पत्र ठेवलं की दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

"पण आमची बँक लोन देतेय ना"

होम लोन घेणाऱ्यांचा यावर फार भरवसा असतो. आपल्या बँकेनं स्कीम मंजूर केली, तिच्या वकिलानं कागद तपासले, मग आपण कशाला? बँक तपासते हे खरंच आहे, आणि बिल्डरच्या बँकेची एनओसी तीसुद्धा मागतेच, कारण तिला फ्लॅटवर पहिला बोजा हवा असतो. पण वेळ बघा. बँक ती एनओसी मागते पहिला हप्ता सोडण्याच्या वेळी. त्याआधी तुमचा स्वतःचा हिस्सा, किमतीचे दहा-वीस टक्के, बिल्डरकडे गेलेला असतो. ५२ लाखांच्या फ्लॅटवर म्हणजे पाच ते साडेदहा लाख. एनओसी आली नाही तर बँक फक्त लोन सोडत नाही, तिचं काही जात नाही. अडकतात ते तुमचे पैसे.

बिल्डरनं कर्ज घेतलं त्याच बँकेकडून तुम्ही होम लोन घेत असाल तर काम सोपं होतं, दोन शाखांमधला पत्रव्यवहार वाचतो. तरीही एनओसी वेगळी, लेखी आणि तुमच्या नावाची घ्या. एकाच बँकेचे प्रोजेक्ट लोन विभाग आणि होम लोन विभाग एकमेकांच्या फायली बघत नाहीत.

पायरी चौथी: बानाखतात ती आणा

एनओसीची प्रत बानाखताला परिशिष्ट म्हणून जोडा आणि करारात दोन कलमं घाला. एक, बिल्डर जाहीर करतो की अमुक बँकेचं अमुक रकमेचं कर्ज या जमिनीवर आहे आणि तिनं अमुक तारखेच्या पत्रानं या फ्लॅटच्या विक्रीस संमती दिली आहे. दोन, पूर्ण पैसे दिल्यावर ठरावीक दिवसांत बिल्डर त्या फ्लॅटपुरतं बोजामुक्तीचं पत्र आणून देईल आणि ते मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देय होणार नाही. शेवटचा हप्ता पाच टक्के जरी हातात ठेवता आला तरी बिल्डरच्या ऑफिसात पत्राची आठवण राहते. मात्र बँकेची अट पूर्ण रक्कम आल्यावरच बोजा सोडायची असते. म्हणून व्यवहारात बँक आधी 'इतकी रक्कम आली की सोडू' असं लेखी कळवते, मग शेवटचा चेक आणि बोजामुक्तीचं पत्र यांची एकाच दिवशी अदलाबदल होते. हा क्रम करारातच लिहून ठेवा.

बानाखत नोंदवलं की कलम ११(४)(एच) तुमच्या बाजूनं उभं राहतं. तरी बिल्डर बांधकाम रेंगाळलं की त्याच तारणावर कर्ज वाढवून घेतात, तेव्हा दर मोठ्या हप्त्याआधी सरसाईत पुन्हा एकदा शोध घ्यावा. नवी नोंद दिसली तर तिची तारीख तुमच्या बानाखताच्या नोंदणीनंतरची आहे का बघा, छापून ठेवा, आणि बिल्डर व नव्या सावकार संस्थेला तुमच्या नोंदणीकृत कराराची प्रत रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा.

एनओसी नाकारली किंवा नुसतीच लांबली तर

लांबणं हेच बहुतेकदा उत्तर असतं. "बँकेचे साहेब रजेवर आहेत," "हेड ऑफिसला गेलंय," असं महिनाभर चाललं, तर त्याचा अर्थ बहुधा तीनपैकी एक: बिल्डरचे हप्ते थकले आहेत, फ्लॅट बँकेच्या किमान किमतीखाली विकला आहे, किंवा हाच फ्लॅट दुसऱ्या कुणाच्या नावानं बँकेकडे आधीच गेला आहे. शाखेत जाऊन विचारलं की निदान दुसरं कारण तरी उलगडतं. दिलेली मुदत संपली की टोकन परत मागायचं पत्र त्याच दिवशी द्या. आणखी पंधरा दिवस वाट बघण्यानं तुमची बाजू मजबूत होत नाही.

बिल्डरनं शपथपत्रात बोजा लपवला असल्याचं कागदांतून दिसलं, तर गुजरात रेराकडे तक्रार करता येते. खोटी माहिती देणाऱ्या प्रमोटरला स्कीमच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मालकी हक्कातल्या दोषामुळे नुकसान झालं तर कलम १८(२) खाली भरपाई मागता येते, त्या मागणीला मुदतीच्या कायद्याची आडकाठी नाही. डाउनलोड करून ठेवलेलं शपथपत्र, ब्रोशरचं शेवटचं पान आणि सरसाईचा शोध अहवाल इथे कामी येतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी तारखेसकट जपून ठेवायचे.

दस्तावेजाच्या दिवशी

फ्लॅटनिहाय बोजामुक्तीचं पत्र मिळालं तरी संपूर्ण जमिनीवरचं कर्ज चालूच असू शकतं, कारण बाकीचे फ्लॅट विकायचे असतात. तुमच्या फ्लॅटपुरतं ते चालतं. पण सोसायटीच्या नावे जमीन करून घ्यायची वेळ येते तेव्हा मूळ दस्तावेज बँकेच्या तिजोरीत असतील, तर काम अडतं. म्हणून ताबा घेताना बाकीच्या सभासदांबरोबर मिळून बिल्डरकडून लिहून घ्या की संपूर्ण कर्ज कोणत्या तारखेपर्यंत फेडलं जाईल. फेडल्यावर बँकेचं नो-ड्यूज पत्र, सरसाईतली बोजा उतरल्याची नोंद, आणि बिल्डर कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडची तशीच नोंद, या तिन्हींच्या प्रती सोसायटीच्या फायलीत हव्यात. सात-बारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढलेला असेल, तर तो नो-ड्यूज पत्र जोडून अर्ज केल्याशिवाय आपोआप उतरत नाही. हा अर्ज कोण करणार ते बिल्डरशी त्याच कागदावर ठरवून घ्या.